मदत हवी आहे: लेहमधली ऊब इंदूरला आल्यावर टिकते का?

मंडळी, स्पष्ट सांगा. मी इंदूरची, वय २९, सीएच्या ऑफिसात कामाला. जूनमध्ये ग्रुपबरोबर आठ दिवस लेहला गेले होते. बडोद्याचा एक मराठी मुलगा होता. खारदुंग ला वर माझं डोकं ठणकायला लागलं तेव्हा त्याने स्वतःची लोकरी टोपी माझ्या डोक्यात घातली. तिथून पुढे गाडीत आमच्या सीट ठरूनच गेल्या.

परतून पाच आठवडे झाले. आधी रोज तासभर फोन, मग त्याची रात्रपाळी आणि माझं २० तारखेचं जीएसटी रिटर्न. फोन कमी झाले याचं काही नाही, खटकतं ते हे की बोलणं अजून लेहचंच. तेच फोटो, तेच हसू. फक्त एकदा, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, पाळी सुटल्यावर त्याने आपणहून विचारलं, "थेंब कोण घालतंय?"

मानसशास्त्र शिकलेली मावसबहीण १९७४ चा डटन-ॲरन यांचा प्रयोग ऐकवते: कॅनडातल्या उंच, हलत्या पुलावर मुलगी भेटलेल्या पुरुषांनी तिला नंतर जास्त फोन केले. भीतीची धडधड प्रेमाची वाटते म्हणे. असेल. पण थेंबांचा प्रश्न बडोद्यातून आला होता, पुलावरून नाही!

भेटीचं विचारलं तर "बघू" म्हणतो, तारीख देत नाही. अवंतिका एक्सप्रेसने मीच एका रविवारसाठी बडोद्याला जाऊ, की त्याच्या तारखेची वाट बघू? तुमची ट्रिपमधली ओळख टिकली असेल, तर ते कशावरून कळलं?