मदत हवी आहे: कमी बजेटचं काम नाकारायचंय, पण क्लायंट तोडायचा नाही

मी इंदूरमध्ये फ्रीलान्स पॅकेजिंग डिझाइन करते. जुने नमकीनवाले क्लायंट आहेत, पैसे वेळेवर देतात. आता आठ पाऊचचं काम आहे, बजेट १२,०००. माझा हिशोब ४०,००० चा. प्रत्येक पाऊचवरची घटकांची यादी वेगळी, आणि छपाईचे सिलिंडर बनल्यावर चूक सापडली की ते नव्याने करावे लागतात. घाईत उरकणं शक्य नाही. एवढ्या पैशांत दोनच करते म्हटलं, तर "आठही हवेत, पुढे भरपूर काम देऊ" म्हणाले. (ते 'पुढे' मी चांगलं ओळखून आहे!) दर उतरवणार नाही, कारण त्यांच्या व्याह्यांचंही काम माझ्याकडेच आहे, मग तेही तोच दर मागतील.

नकार व्हॉट्सअ‍ॅपवर, हिंदीत द्यायचाय. त्यात माझा आकडा स्पष्ट लिहावा, की "सध्या जमणार नाही" एवढंच म्हणून एखादा नवखा डिझायनर सुचवावा? त्याची चूक सिलिंडरवर गेली, तर बोल मलाच लागेल ना?