कुत्र्याला ऊन लागलं तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

सायली_अकोला: आज जिन्यात शेजारच्यांचा पग धापा टाकताना पाहिला आणि आमचा मोती आठवला. मे महिना, दुपारी लाईट गेलेली, कूलर बंद. मोती फरशीवर पसरलेला, धाप थांबेना, लाळ चिकट, हिरड्या लालभडक. उठवलं तर मागचे पाय लटपटले. आईने ओला टॉवेल टाकला, मी रिक्षा शोधायला पळाले. त्यात अर्धा तास गेला. दवाखान्यात ताप १०७. डॉक्टर म्हणाले, आधी घरीच गार करायचं, मग आणायचं. तिसऱ्या दिवशी गेला. तुमचं काय झालं?

बंड्या: अरेरे. आमच्या टॉमीला अर्धी क्रोसिन दिली होती, उतरला की.

डॉ_काका: बंड्या, टॉमीचं नशीब. हा आजाराचा ताप नाही, गोळीने उतरत नाही, उलट लिव्हरला घात होतो.
सायली, टॉवेलची चूक बहुतेकांची होते. तो अंगावर तसाच राहिला की गरम होतो, आतली उष्णता अडकते. सावलीत नेऊन नळाचं पाणी पोटावर, जांघांत, मानेवर ओतत राहायचं, सोबत पंखा नाहीतर पुठ्ठ्याने वारा. ताप गुदद्वारातून मोजायचा. १०३.५ला पाणी थांबवायचं, कारण पुढेही तो उतरतच जातो. शुद्धीत असेल तर पाणी पुढ्यात ठेवा, तोंडात ओतू नका.
उठून शेपूट हलवली तरी दवाखाना चुकवू नका. किडनी आणि रक्त गोठण्याचा त्रास एकदोन दिवसांनी दिसतो.

मीनल: आमची मनी दिवसभर बाथरूममध्ये झोपते, तिलाही लागतं का हो?

बंड्या: काका, बर्फाचं पाणी घातलं तर शॉक बसतो ना?

डॉ_काका: पूर्वी आम्हीही तेच सांगायचो. आता धडधाकट तरुण कुत्र्याला गार पाण्यात बसवणंही चालतं म्हणतात. म्हाताऱ्याला, हृदयाच्या रोग्याला मी नाही बसवणार. आमच्यातही यावर एकमत नाही. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका, एवढं नक्की.
मीनलताई, मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागली तर लगेच निघा.

रत्नांग्री: आमच्याकडे ३३ च्या वर फारसं जात नाही म्हणून निर्धास्त होतो. पण दमटपणात लाळ वाळत नाही, मग धापा टाकून कुत्रा गार कसा होणार! बुटक्या नाकाच्या पगचं तर विचारूच नका. संध्याकाळी सातला फिरवून आणला, जिन्यातच बसला. जीभ जांभळी. बागेच्या पाइपने वाचवला. आता पहाटे साडेपाचलाच.

सायली_अकोला: पाइप होता आमच्याकडे. अंगणातच होता.

मीनल: 😔

वऱ्हाडी_मामा: कूलरला वाळ्याच्या ताट्या कोण लावतं अजून? यंदा आमच्या बाजारात मिळेनात.

बंड्या: मामा, सायकलवरून विकणारा येतो आमच्या गल्लीत, विचारून सांगतो.