सीडीके-९ रोखला की सेरिन-२ चा बँड जातो. मग पॉज सेरिन-२ मुळेच सुटतो असं म्हणायचं का?

ओवी_पी
एचसीटी११६ या मानवी पेशींना सीडीके-९ हा कायनेज रोखणारं फ्लॅव्होपिरिडॉल ३०० नॅनोमोलर, एक तास दिलं. वेस्टर्नमध्ये सेरिन-२ फॉस्फेटचा बँड जवळजवळ गेला, सेरिन-५ चा थोडाच उतरला. जीनवरून आरएनए बनवणारं एन्झाइम म्हणजे पॉल-२; सीडीके-९ त्याच्या शेपटीत सेरिन-२ वर फॉस्फेट बसवतो आणि त्यामुळेच प्रोमोटरजवळ अडलेला पॉल-२ सुटतो, असं प्रबंधात लिहायचं आहे. गाईड म्हणतात पुरेसं आहे, लॅबमधले बाकीचे म्हणतात नाही. तुमचं मत काय?

जेलपट्टी
पुरेसं आहे. हे काही आज कुणी शोधून काढलेलं नाही. सीडीके-७ सेरिन-५ वर, सीडीके-९ सेरिन-२ वर, हे प्रत्येक पुस्तकात आहे. तुमचा निकाल त्याच्याशी जुळतो. अँटीबॉडी बरोबर आहे का तेवढं तपासा. एका लेनच्या लायसेटला लॅम्डा फॉस्फेटेज द्या, त्या लेनमधला बँड गेला पाहिजे. मात्र त्या नळीत मँगनीज हवं आणि फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट, ईडीटीए यांतलं काहीही नको. नाहीतर एन्झाइम चालतच नाही आणि अँटीबॉडीवर उगाच संशय येतो.

सातपाकळ्या
जेलपट्टींची फॉस्फेटेजची सूचना घ्यावी, निष्कर्ष घेऊ नये. सगळा घोटाळा त्या एका तासात आहे.

पॉज सुटल्यावर पॉल-२ जीनमधून मिनिटाला सरासरी २ किलोबेसच्या आसपास धावतो. फ्लॅव्होपिरिडॉल नव्यांना पॉजपाशी अडवतं, पण जे आधीच सुटलेत ते पुढे धावत राहतात. २०१४ मध्ये उंदराच्या भ्रूण-मूलपेशींत फ्लॅव्होपिरिडॉल देऊन ठरावीक मिनिटांनी मोजणी झाली, त्यात ही रिकामी होत जाणारी लाट स्पष्ट दिसते. आता गणित करा. ६० मिनिटांत १२० किलोबेस. म्हणजे तुम्ही पेशी फोडल्या तेव्हा बहुतेक जीनच्या पोटात पॉल-२ उरलेलाच नव्हता. सेरिन-२ फॉस्फेट मुख्यतः तिथेच, त्यातही शेवटाकडे जास्त असतं. ते वाहणारा पॉल-२ च नाही, तर बँड कुठून येणार?

सीडीके-९ सेरिन-२ ला हातही लावत नसता तरी तुमचा वेस्टर्न असाच दिसला असता. सेरिन-५ टिकलं त्याचं कारणही हेच. प्रोमोटरजवळचा पॉल-२ जागेवर आहे आणि सेरिन-५ फॉस्फेट तिथे भरपूर असतं.

जेलपट्टी
एकूण पॉल-२ चा बँड तर फारसा कमी झाला नसेल. मग 'पॉल-२ च नाही' कसं म्हणता?

सातपाकळ्या
पेशीत आहे, जीनच्या पोटात नाही. वेस्टर्न क्रोमॅटिनवरचा आणि मोकळा असे दोन्ही एकत्र मोजतो. ओवी, ६ टक्क्यांच्या जेलवर एकूण पॉल-२ चे दोन बँड वेगळे करून बघा. वरचा भरपूर फॉस्फेट असलेला, खालचा जवळजवळ कोरा. औषधानंतर वरचा फिका आणि खालचा गडद झालेला दिसेल. ही अँटीबॉडी पॉल-२ च्या आरपीबी१ या शेपटीवाल्या घटकाच्या सुरुवातीच्या टोकावरची घ्या. ८डब्ल्यूजी१६ ने हे मोजू नका. शेपटीत सात अमिनो आम्लांचा तुकडा, म्हणजे सप्तक, पुन्हा पुन्हा येतो आणि ती फॉस्फेट नसलेले सप्तक जास्त पसंत करते, त्यामुळे फॉस्फेट बदललं तरी 'एकूण' बदलल्यासारखं वाटतं.

खमीरप्रेमी
मला तर प्रश्नाचा दुसरा अर्धा भागच पटत नाही. फिशन यीस्टच्या शेपटीत २९ सप्तकं आहेत. त्यांतल्या सगळ्या सेरिन-२ च्या जागी ॲलानिन घातलं तरी यीस्ट जगतं. सेरिन-५ ला तसं केलं तर मरतं. गंमत म्हणजे त्याच शेपटीला आरएनएला टोपी घालणारं एन्झाइम थेट जोडून दिलं की सेरिन-५ शिवायही जगतं. म्हणजे निदान त्या जीवात सेरिन-५ चं अपरिहार्य काम टोपीवाल्याला बोलावणं हेच. सेरिन-२ वाचून पॉल-२ जीन पार करतो, तर 'सेरिन-२ मुळे सुटतो' कशाला?

निशिगंध
यीस्टवरून पॉजबद्दल बोलणं धोक्याचं आहे. पॉल-२ ला पॉजपाशी अडवून धरणारं एनईएलएफ यीस्टमध्ये नाही. ज्या अडसराबद्दल ओवी विचारतेय तो तिथे त्या रूपात नसतोच. शिवाय बेकर्स यीस्टमध्ये तोच बदल प्राणघातक ठरला होता, तेही सांगा की. दोन यीस्टमध्येच एकमत नाही, तर मानवी पेशींवर कसं लादणार?

खमीरप्रेमी
मान्य, एनईएलएफ नाही. पण बेकर्स यीस्टमध्ये सेरिन-२ चा मुख्य कायनेज सीटीके१. तो जीन पूर्ण काढला तरी पेशी जगतात, वाढ मंदावते. पॉल-२ चं जीनवरचं वितरण फारसं बिघडत नाही. बिघडतं ते शेवटाला. पीसीएफ११ सारखी ३' टोक कापणारी प्रथिनं कमी जमतात आणि पॉलीए चुकीच्या जागी बसतो. सेरिन-२ फॉस्फेट हे शेवटच्या कामासाठीचं चिन्ह आहे, सुरुवातीची किल्ली नाही. हे माझं मत आणि मी ते सोडणार नाही.

टीएचझेड_त्रस्त
आमच्याकडेही असंच. टीएचझेड१ देऊन सीडीके-७ रोखला तर सेरिन-५ बरोबर सेरिन-२ ही गेलं. मग सीडीके-७ च दोन्हीकडे फॉस्फेट बसवतो असं धरायचं का? औषध धुऊन टाकल्यावरही काही परत आलं नाही, लॉटच खराब असावा.

सातपाकळ्या
लॉटला दोष देऊ नका. टीएचझेड१ कोव्हॅलंट बंधाने चिकटतं, धुऊन निघत नाही. नवं प्रथिन तयार होईपर्यंत थांबावं लागतं. आणि सेरिन-२ जाण्याला किमान दोन आडवाटा आहेत. एक, टीएचझेड१ सीडीके-१२ आणि सीडीके-१३ वरही चिकटतं. दोन, सीडीके-७ स्वतः सीडीके-९ च्या टी-लूपवर फॉस्फेट बसवून त्याला चालू करतो. वरचा बंद केला की खालचाही थंडावतो. पण हा ओवीचा प्रश्न नव्हे.

ओवीच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे दावे आहेत. सीडीके-९ सेरिन-२ वर फॉस्फेट बसवतो, हा पहिला. परीक्षानळीत सप्तकांची पेप्टाइड दिली तर सीडीके-९ सेरिन-५ ला प्राधान्य देतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. सेरिन-७ वर आधीच फॉस्फेट असलं तर तो आणखी जोमाने काम करतो, पण तेही सेरिन-५ वरच. दुसऱ्या बाजूला फळमाशीत सेरिन-२ चं मोठं काम सीडीके-१२ करतो, हे २०१० पासून माहीत आहे. दुसरा दावा, त्यामुळे पॉज सुटतो. २०१८ च्या क्रायो-ईएम रचनांत सीडीके-९ चे फॉस्फेट एसपीटी५, पीएएफ, एसपीटी६ अशा पॉल-२ ला चिकटणाऱ्या अनेक प्रथिनांवर पडतात. एनईएलएफ हटतो, त्या जागी पीएएफ बसतो. सप्तकांवरचा सेरिन-२ या यादीत एकटा नाही, आणि पुढे तर मुळीच नाही.

निशिगंध
यादीतून एक गोष्ट सुटली. एसपीटी६ शेपटीच्या सप्तकांना धरतो असं बरीच वर्षं समजलं जायचं. तो धरतो ते पॉल-२ चं मुख्य अंग आणि शेपूट यांना जोडणाऱ्या दुव्यावरचे फॉस्फेट. सेरिन-२ ची कुठलीही अँटीबॉडी हा दुवा पाहू शकत नाही. म्हणजे पॉज सुटण्यात आरपीबी१ वरच्या फॉस्फेटचा हात असू शकतो आणि वेस्टर्नला त्याचा पत्ताही नसेल. म्हणून 'शेपटीचा काही संबंध नाही' हे खमीरप्रेमींचं टोकही मला नको.

ओवी_पी
मग पहिला दावा तरी तपासायचा असेल तर काय करू? हातात तीन महिने आहेत.

सातपाकळ्या
लाट जिथे पोचलेली नाही तिथे बघा. या पेशींत चांगला चालणारा १५० किलोबेसच्या आसपासचा जीन निवडा. प्रायमर तीन ठिकाणी: पॉजपाशी, २० किलोबेसवर, १०० किलोबेसवर. औषध २० मिनिटंच. लाट ४० किलोबेसपर्यंत गेली असेल, १०० वर मात्र आधीच सुटलेला पॉल-२ अजून धावत असेल. तिथे डीएनएच्या त्या जागी काय किती बसलंय ते मोजणाऱ्या दोन चिप करा, एक सेरिन-२ फॉस्फेटची आणि एक पॉल-२ च्या आरपीबी३ या घटकाची, आणि गुणोत्तर काढा.

समजण्यापुरते आकडे घेऊ. औषधाआधी १०० किलोबेसवर आरपीबी३ २, सेरिन-२ फॉस्फेट २, गुणोत्तर १. औषधानंतर २ आणि १.८ आले, तर गुणोत्तर ०.९. तिथलं सेरिन-२ टिकवायला सीडीके-९ लागत नाही. २ आणि ०.६ आले, तर गुणोत्तर ०.३, आणि तुमच्या बाजूला वजन येतं. २० किलोबेसवर मात्र दोन्ही आकडे पार्श्वभूमीच्या जवळ असतील. तिथलं गुणोत्तर छापू नका, गोंधळाला गोंधळाने भागून काहीही येतं.

औषधाने सगळीकडे बदल होतो, म्हणून फक्त इनपुटवर भागू नका. फिक्स केलेल्या उंदराच्या पेशी सोनिकेशनच्या आधी ठरावीक प्रमाणात, साधारण १० टक्के, मिसळा आणि उंदराच्याच डीएनएवर बसणाऱ्या प्रायमरने प्रत्येक नमुना समतोल करा. सेरिन-२ साठी एच५ वापरणार असाल तर ती आयजीएम आहे. प्रोटीन ए किंवा जी चे मणी तिला नीट धरत नाहीत, मध्ये अँटी-आयजीएमचा पूल घाला. ३ई१० घेतली तर ती उंदराची नाही, रॅटची आहे. मणी निवडताना प्रोटीन जी घ्या.

जेलपट्टी
गुणोत्तर ०.३ आलं तर मग मी बरोबर ठरतो ना?

निशिगंध
अर्धे. ३०० नॅनोमोलरला सीडीके-१२ ला धक्का लागलाच नाही, हे आधी दाखवावं लागेल. शिवाय एफसीपी१ सारखे फॉस्फेटेज आधीचे फॉस्फेट सतत काढत असतात. २० मिनिटांत उतरलेलं सेरिन-२ हे 'कायनेज थांबला, काढणारा चालू राहिला' एवढंच सांगतं. कोणता कायनेज, ते नाही. ॲनालॉग-सेन्सिटिव्ह, म्हणजे ठरावीक औषधानेच रोखता येईल असा बदललेला, सीडीके-१२ असलेल्या एचसीटी११६ पेशी वापरल्या गेल्या आहेत. त्या मिळाल्या तर ३-एमबी-पीपी१ देऊन हाच प्रयोग शेजारी ठेवा.

खमीरप्रेमी
आणि तरीही दुसरा दावा तिथेच राहणार. १०० किलोबेसवरचा पॉल-२ पॉजमधून कधीच सुटलेला आहे. तिथलं सेरिन-२ त्याला कशाने सोडलं हे सांगू शकत नाही.

सातपाकळ्या
हे बरोबर. त्यासाठी पॉजपाशी वेगळा प्रयोग लागतो, एसपीटी५ चे फॉस्फेट घेणारे अवशेष बदलून. तीन महिन्यांत तो बसणार नाही.

ओवी_पी
म्हणजे प्रबंधात: 'फ्लॅव्होपिरिडॉलनंतर पेशीतील एकूण सेरिन-२ फॉस्फेट घटलं, हे जीनच्या पोटातून पॉल-२ निघून गेल्यामुळे असू शकतं.' आणि १०० किलोबेसचा प्रयोग झाला तर त्याचा निकाल खाली. गाईडना 'असू शकतं' आवडणार नाही.

जेलपट्टी
मी गाईडच्या बाजूने आहे. परीक्षक पुस्तकच वाचून येतात.

निशिगंध
जो परीक्षक लाटेचं गणित करून येईल, त्याला काय सांगणार?