प्रतिसाद: कॅप्शनमध्ये आधी तिकीट की आधी नावं?

«फोंड्यात आमच्या कथक वर्गाचा वार्षिक कार्यक्रम आहे. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये ६० मुलांची नावं, गुरू, साथीदार आणि तिकिटं कशी बसवायची?»

तिकीट आधी. ‘अधिक’ दाबण्यापूर्वी जेमतेम दोन ओळी दिसतात, त्यामुळे वार, तारीख, सभागृह, वेळ आणि दर तिथेच हवेत. कॅप्शनमधली लिंक दाबली जात नाही. ती प्रोफाइलवर ठेवा आणि तसं लिहा.

आसनांची ओळ मोघम नको. ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ एवढंच लिहिलं की पालक ओढण्या टाकून अख्खी रांग अडवतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘अ, ब रांगा निमंत्रितांसाठी. क पासून तिकिटावरच्या क्रमांकानुसार. बाल्कनीत क्रमांक नाहीत. प्रवेश ५.३०, पडदा ६.००.’ शेवटच्या दोन वेळा वेगळ्या द्याच, नाहीतर लोक सहाला दारात पोचतात.

श्रेय रचनेनुसार द्या: ‘तीनताल: नृत्यरचना अमुक, पढंत अमुक, तबला अमुक, लेहरा अमुक’, आणि खाली त्या रचनेतली मुलं, आडनावाशिवाय, अकारविल्हे. एकच सलग यादी केली की दोन रचनांत नाचणारी मुलगी एकदाच येते, आणि फोन तिच्या आईचाच येतो. मर्यादा २२०० अक्षरांची आहे. साठ नावं मावतात, शुभेच्छांचा परिच्छेद मात्र गाळावा लागेल. गाळाच.