न छापलेला निकाल : पोलंडमध्ये सुरुवात कुणी केली?

पेठकर
निवडून आलेली सरकारं कोर्ट, माध्यमं, निवडणूक आयोग कसे पोखरतात यावर निबंध लिहितेय. हंगेरीवर सगळेच लिहितात म्हणून पोलंड घेतलंय. पण २०१५ साली सत्तेत आलेल्या 'पीस' म्हणजे 'कायदा आणि न्याय' पक्षाकडे घटना बदलण्याएवढं बहुमत नव्हतं. मग कायदे घटनेत बसतात का ते तपासणारं तिथलं घटनात्मक न्यायाधिकरण त्यांच्या ताब्यात गेलं कसं? आणि पहिली आगळीक त्यांची की आधीच्या सरकारची?

मास्तर
पहिली आगळीक आधीच्यांची. हे निबंधात लपवू नका, नाहीतर कुणीही एका प्रश्नात तुम्हाला आडवं करेल.

न्यायाधिकरणात १५ न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत ९ वर्षं, निवड संसद करते. ऑक्टोबर २०१५ मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, जुन्या संसदेनं ५ जण निवडले. त्यातल्या ३ जागा तिच्याच मुदतीत रिकाम्या होणार होत्या, ते रीतसर. उरलेल्या २ डिसेंबरात, म्हणजे नवी संसद बसल्यावर रिकाम्या होणार होत्या. त्या दोघांवर हक्क नव्या संसदेचा.

पीसनं त्या दोघांवर आक्षेप घेतला असता तर त्यांची बाजू खरी होती. त्यांनी पाचही रद्द केले. राष्ट्राध्यक्ष दुदांनी जुन्या पाचांना शपथच दिली नाही. २ डिसेंबरला नव्या संसदेनं आपले ५ निवडले आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर दुदांनी त्यातल्या चौघांना राजवाड्यात शपथ दिली. घाई का? कारण ३ डिसेंबरला न्यायाधिकरणाचा निकाल यायचा होता. तो आला तो असाच : ३ जुने वैध, २ अवैध.

कोकणकडा
म्हणजे चोराच्या घरी चोरी. जुन्यांचे पाचही बसले असते तर १५ पैकी १४ त्यांच्या काळात निवडलेले झाले असते, असं पीसवाले तेव्हा ओरडून सांगत होते. लोकांनी ज्यांना घरी पाठवलं त्यांचीच माणसं पुढची ९ वर्षं नव्या सरकारचे कायदे अडवणार? मत मागायला कोण गेलं होतं, न्यायाधीश की पीस?

मास्तर
कोकणकडा, २ जागांपुरतं तुमचं म्हणणं मान्य. पण खरी गंमत पुढे आहे, आणि ती जागांची नाही, आकड्यांची आणि छापखान्याची आहे.

डिसेंबर २०१५ मध्येच नवा कायदा आला. महत्त्वाच्या खटल्याला किमान १३ न्यायाधीश हवेत, निकाल दोन तृतीयांश मतांनी, आणि प्रकरणं आली त्या क्रमानंच घ्यायची. वाचायला किती निरुपद्रवी! आता मोजा. जुने १० होते. न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झेप्लिन्स्कींनी नव्यांपैकी वैध जागांवरचे २ कामाला घेतले. झाले १२. तेरावा हवा तर जुन्या ३ वैध जागांवर पीसनं निवडलेल्या वादग्रस्त तिघांपैकी एकाला खुर्ची द्यायची, नाहीतर कामकाज बंद. शिवाय क्रमाची अट असल्यानं या कायद्याविरुद्धचा अर्जसुद्धा रांगेच्या शेपटाला.

न्यायाधिकरणानं ती अट बाजूला ठेवून, थेट घटनेच्या आधारावर १२ जणांनिशी सुनावणी घेतली आणि ९ मार्च २०१६ ला तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पंतप्रधान शिद्वो यांचं सरकार म्हणालं, तेरा नव्हते, म्हणजे हा निकालच नाही, काही न्यायाधीशांचं मत आहे. आणि राजपत्रात छापलाच नाही. घटनेत लिहिलंय की निकाल अंतिम आणि तो ताबडतोब प्रसिद्ध व्हायचा. पण छापायचं बटण सरकारच्या हातात! तिथल्या रझेम पक्षाच्या लोकांनी निकालाचा मजकूर प्रोजेक्टर लावून पंतप्रधान कार्यालयाच्या भिंतीवर पाडला. राजपत्रात तो आला जून २०१८ मध्ये, तोही 'हा कायद्याचा भंग करून दिलेला आहे' अशी तळटीप लावून. तोवर तो कायदाच उरला नव्हता.

डिसेंबर २०१६ मध्ये झेप्लिन्स्कींची मुदत संपली. पीसनं निवडलेल्या प्शिवेम्ब्स्का बाई अध्यक्ष झाल्या, वादग्रस्त तिघे आत आले. घटनेतलं एक अक्षर बदलावं लागलं नाही.

तिसरा मजला
राजकारण मला कळत नाही, पण हे न छापणं मी भोगलंय. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत गच्चीवरचा मोबाईल टॉवर नको असा ठराव बहुमतानं झाला. सचिवांनी इतिवृत्तच लिहिलं नाही. पुढच्या सभेत विचारलं तर म्हणे, "मागच्या इतिवृत्तात असा ठराव नाही." हात वर केलेले चाळीस जण समोर बसलेले, आणि ठराव नाही! टॉवर अजून आहे.

पेठकर
तिसरा मजला, हे प्रस्तावनेत घेऊ का? 😄

जुना सातारकर
यात नवीन काय? १९७३ ला तीन ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश नेमले, १९७५ ला दिल्लीत वृत्तपत्रांची वीज तोडली. आणीबाणी पाहिलेल्यांना पोलंड शिकवू नका. शेवटी सगळीकडे सेन्सॉरच बसतो.

व्रोत्स्वाफकर
काका, १९७३ चं उदाहरण चपखल, पण वीज तोडण्याचं इथे लागू नाही. मी सात वर्षं इथे पोलंडमध्ये आहे. खासगी वाहिन्या, वर्तमानपत्रं सरकारला झोडत होती, कुणी तुरुंगात गेलं नाही. बदलली ती सरकारी टीव्हीपी. बातम्यांच्या खाली पट्टी असते ना, तिच्यावरची वाक्यं इतकी भडक की ऑफिसात लोक ती पाठवून हसायचे. पण माझी घरमालकीण, वय ७८, दुसरी वाहिनी लावत नाही. तिच्या लेखी पीसचे विरोधक तुस्क म्हणजे जर्मनीचा माणूस.

आणि सगळंच पोखरलं होतं असंही लिहू नका. निवडणूक आयोगात पूर्वी नऊच्या नऊ न्यायाधीश असायचे, पीसच्या कायद्यानं त्यातल्या ७ जागा संसदेनं नेमायच्या झाल्या. तरी ऑक्टोबर २०२३ ला ते बहुमत गमावून बसले. मतदान ७४ टक्के. आमच्या व्रोत्स्वाफ शहरातल्या यागोद्नो भागात रांग पहाटे पावणेतीनच्या सुमारास संपली, लोकांना कुणी पिझ्झा आणून देत होतं. मला मत नाही, मी नुसता थंडीत उभा राहून पाहत होतो.

कोकणकडा
म्हणजे लोकशाही शाबूत होती, मग पोखरली कशी? आणि पुढचं का सांगत नाही? डिसेंबर २०२३ मध्ये नव्या तुस्क सरकारनं टीव्हीपीचं संचालक मंडळ कंपनी कायद्याखाली काढलं, वृत्तवाहिनीचं प्रक्षेपण बंद पडलं, मग कंपनीच अवसायनात काढली. हे तुमच्या 'चांगल्या' लोकांनी!

व्रोत्स्वाफकर
खरंय. त्या दिवशी घरमालकिणीनं मला दार ठोठावून बोलावलं, केबल गेली असेल तर बघ म्हणून. केबल ठीक होती.

मास्तर
कोकणकडांचा हा मुद्दा मी टाळणार नाही. मार्च २०२४ पासून तुस्क सरकारही न्यायाधिकरणाचे निकाल राजपत्रात छापत नाही. कारण देतात की खंडपीठात अवैध माणसं आहेत, आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०२१ मध्ये तसं म्हटलेलंही आहे. माझ्या मते २०१६ चं न छापणं आणि आजचं न छापणं एक नाही : तेव्हा खंडपीठ वैध होतं. पण हत्यार तेच आहे. पीसच्या बाजूचा राष्ट्राध्यक्ष सही करेना तर कायद्यानं दुरुस्ती होत नाही, आणि कायद्याशिवाय केली तर ती अशीच दिसते.

कोकणकडा
छान. मग एवढं सांगा : निवडणुका वैध ठरवणारा सर्वोच्च न्यायालयातला विभाग पीसनंच काढलेला, तो तुम्हाला अमान्य. पण २०२३ ची निवडणूक वैध ठरवली त्याच विभागानं. तुस्कची खुर्ची कुणाच्या शिक्क्यावर आहे?

पेठकर
मास्तर, याचं उत्तर द्या. माझ्या निबंधाचं शेवटचं पान रिकामंच आहे.