बर्लिनमधल्या फ्लॅटसाठी भाडेकरूला नोटीस : बहीण येते आहे

प्रेषक : अश्विनी

नमस्कार मंडळी,
२०२३ मध्ये आम्ही नॉयकोल्नमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, भाडेकरूसकट. भाडेकरू एक बाई आहेत, सत्तरीच्या पुढच्या, एकट्या राहतात. माझ्या बहिणीला इथे नोकरी लागली आहे, सप्टेंबर २०२६ पासून. बर्लिनमध्ये घर मिळणं किती अवघड आहे हे सगळ्यांना माहीत आहेच, म्हणून तिला आमच्याच फ्लॅटमध्ये राहू द्यावं असं आम्ही ठरवलं आहे. आयगनबेडार्फची, म्हणजे स्वतःला किंवा घरच्यांना राहायला घर हवं म्हणून, नोटीस द्यायची आहे. तीन महिने आधी ईमेल केला तर चालेल ना? बाईंशी संबंध चांगले आहेत, ते बिघडू नयेत असं मनापासून वाटतं.

प्रेषक : नीलेश

अश्विनी, कायद्यात तीनच महिने आहेत, त्यामुळे मे अखेर ईमेल पाठवलास तरी वेळेत होईल. पण मला वाटतं आयगनबेडार्फ फक्त स्वतःसाठी, मुलांसाठी आणि आईवडिलांसाठी असतं, बहिणीसाठी नाही. पत्रात कारण मात्र लिही, नुसतं 'घर हवं आहे' म्हणून भागत नाही.

प्रेषक : श्रीकांतकाका

अश्विनी, नीलेश,
मी बरीच वर्षं हाउसफरवाल्टुंगमध्ये, म्हणजे इमारतींचा कारभार पाहणाऱ्या कंपनीत, काम केलं, अशी पत्रं लिहिली आणि परत आलेलीही पाहिली. नीलेशचं कारणाबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. बाकीच्यात मात्र दुरुस्ती हवी.

बहिणीसाठी नोटीस देता येते. सख्खी बहीण असेल तर काही प्रश्न नाही, भाचा-भाची आणि पुतण्या-पुतणीसाठीही देता येते. चुलत, मावस, मामे, आते भावंडं मात्र त्यात येत नाहीत. कितीही जवळची असली तरी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे बीजीएचने, २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून आधी सांग, सख्खीच ना?

ईमेल किंवा व्हॉट्सॲप इथे उपयोगाचं नाही. कागदावर छापलेलं आणि हाताने सही केलेलं पत्रच लागतं. ग्रुंडबुखमध्ये, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदवहीत, तुझं आणि नवऱ्याचं दोघांचं नाव असेल तर दोघांच्या सह्या हव्यात. पत्रात बहिणीचं नाव, ती कधीपासून राहणार आणि हाच फ्लॅट का हवा, हे लिहायचं. आपल्याकडे लोक मोघम लिहितात, 'कौटुंबिक कारणासाठी' वगैरे. अशी पत्रं न्यायालयात टिकत नाहीत. हाती पोचवणारा तिसरा माणूस असेल आणि तो साक्ष देऊ शकत असेल तर उत्तम.

मुदतीचं गणित असं. भाडेकरू पाच वर्षांपर्यंत राहिलेला असेल तर तीन महिने, पाच वर्षं झाली की सहा, आठ झाली की नऊ. मोजायचं ते बाई फ्लॅटमध्ये राहायला आल्या तेव्हापासून, तू विकत घेतलंस तेव्हापासून नव्हे. समज, त्या २०१६ पासून आहेत. मग नऊ महिने. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पत्र त्यांच्या हातात पडलं तर तो महिना धरला जातो. म्हणजे ४ मार्च २०२६ पर्यंत पोचलं तर ३० नोव्हेंबरला घर सोडायचं. बहीण सप्टेंबरला येते, त्यामुळे तसंही जमत नाही.

मुदतीच्या दोन महिने आधीपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वय किंवा आजार सांगून बाई हरकत घेऊ शकतात. हा हक्क त्यांना पत्रातच कळवायला हवा, नाहीतर त्या कोर्टाच्या पहिल्या तारखेलाही हरकत घेऊ शकतात. सत्तरीतल्या एकट्या बाईचं न्यायालय गांभीर्याने ऐकतं.

ह्या सगळ्याआधी एक कागद पाहा. ही इमारत आधी एकाच मालकाची होती आणि नंतर तिचे वेगवेगळे फ्लॅट केले गेले का? तसं असेल तर टाइलुंग्सएर्क्लेरुंगची, म्हणजे फ्लॅट वेगळे केल्याच्या दस्ताची, तारीख आणि बाई राहायला आल्याची तारीख, दोन्ही मला कळव.

प्रेषक : विनायक

अश्विनी, इतका त्रास कशाला? आमचा पुण्यात कोथरूडला फ्लॅट आहे. लीव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं असतं, नोंदणी केलेलं. मुदत संपली की घर परत. गेल्या वर्षी आईसाठी फ्लॅट रिकामा करून घेतला, एका फोनवर झालं. इथेही करारात मुदत घालून घ्यायला हवी होती.

प्रेषक : श्रीकांतकाका

विनायक, पुण्यातला तो परवाना आहे, इथला भाडेकरार. इथे मुदतीचा करार करता येतो, पण त्यासाठी सही करतानाच कारण लिहून द्यावं लागतं. शिवाय जुना करार विकत घेणाऱ्याच्या अंगावर जसाच्या तसा येतो. भाडेकरू असलेलं घर इथे स्वस्त मिळतं ते ह्याच कारणाने.

प्रेषक : रोहित

मी भाडेकरूच्या बाजूने लिहितो. फ्रँकफुर्टला आमच्या मालकाने मुलासाठी म्हणून नोटीस दिली. आम्ही तीन महिन्यांत बाहेर पडलो, मुलाची शाळा बदलली. मुलगा तिथे कधी राहायला आलाच नाही, काही आठवड्यांत तोच फ्लॅट जास्त भाड्याने जाहिरातीत दिसला. मीटरफेरआइनमध्ये, म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेत, विचारल्यावर कळलं की कारण खोटं असेल तर सामान हलवण्याचा खर्च आणि वाढलेल्या भाड्याचा फरकसुद्धा मागता येतो. आमचा दावा अजून चालू आहे. अश्विनी, तुझं कारण खरं आहे, मला शंका नाही. पण बहिणीचा बेत मध्येच बदलला, तर मुदत संपण्याआधी बाईंना लगेच कळव. गप्प बसू नकोस.

प्रेषक : अश्विनी

काका, बहीण सख्खी आहे, आमची दोघांची नावं ग्रुंडबुखमध्ये आहेत. कागद काढले. बाई २०१६ मध्ये राहायला आल्या. इमारतीचे वेगळे फ्लॅट २०१८ मध्ये झाले. आमच्या आधीच्या मालकाने तो फ्लॅट जून २०१९ मध्ये विकत घेतला होता, त्याचं नाव तेव्हा ग्रुंडबुखमध्ये चढलं. त्याच्याकडून आम्ही २०२३ ला घेतला. नोटरीच्या कागदात ह्याबद्दल एक ओळ आहे, पण तेव्हा त्याचा अर्थ कोणी समजावून सांगितला नाही.

प्रेषक : श्रीकांतकाका

अश्विनी, मग ही नोटीस आत्ता देता येत नाही.
भाडेकरू राहत असताना फ्लॅट वेगळे झाले आणि मग विकले गेले, तर काही वर्षं आयगनबेडार्फच्या नोटिशीला बंदी असते. कायद्यात किमान तीन वर्षं आहेत, पण राज्यांना दहापर्यंत वाढवता येतात आणि बर्लिनने दहा ठेवली आहेत. ही वर्षं पहिल्या विक्रीपासून मोजतात, म्हणजे जून २०१९ पासून. तुझ्या खरेदीने घड्याळ पुन्हा सुरू होत नाही, हे तुझ्या फायद्याचं, पण उरलेली वर्षं तुझ्या वाट्याला आली आहेत. जून २०२९ आधी दिलेलं पत्र निरर्थक ठरेल, बंदी संपल्यावरच लिहायचं. जुलै २०२९ च्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचलं तरी घर मार्च २०३० अखेर रिकामं होईल, तेही हरकत नसेल तर.

आत्ता एकच मार्ग आहे : बाईंशी बोलून, त्यांची खरोखर तयारी असेल तर, आउफहेबुंग्सफेरट्राग, म्हणजे आपसातला करार. त्यात जाण्याची तारीख, सामान हलवण्याचा खर्च आणि काही रक्कम लिहितात. रकमेचा ठरलेला आकडा नाही. त्यांनी नाही म्हटलं तर विषय तिथेच थांबवायचा.

प्रेषक : नीलेश

पण काका, निदान विचारायला काय हरकत आहे? मी तर त्यांना फोन करायला सांगीन.

प्रेषक : रोहित

नीलेश, फोन नको. त्या वयात मालकाचा फोन आला की माणूस घाबरून हो म्हणतो. आधी पत्र लिहावं, नाही म्हणण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहावं, आणि मीटरफेरआइनला विचारून घ्या असंही लिहावं.

प्रेषक : अश्विनी

रोहितदादा म्हणतो तसंच पत्र लिहीन, आणि पाठवायच्या आधी वकिलाला दाखवीन. बहिणीला आज सांगितलं, ती सप्टेंबरपासून सहा महिन्यांसाठी कुणाच्या घरातली खोली शोधते आहे. श्टेग्लित्स किंवा टेम्पेलहोफमध्ये कुणाकडे असेल, आणि पत्त्याची नोंदणी म्हणजे आनमेल्डुंग करू देणार असतील, तर मला कळवा.