अमेरिकेहून आणलेली रात्रीची दुखण्याची गोळी चालू औषधांसोबत द्यावी का?

प्रश्न (जालना): आई 67 वर्षांची असून तिचे वजन 42 किलो आहे. ताप, सर्दी आणि गुडघेदुखी यांसाठी दवाखान्याच्या गोळ्या तीन दिवसांपासून चालू आहेत. भाच्याने अमेरिकेहून आणलेल्या बाटलीतल्या दोन गोळ्या रात्री घेतल्या की तिला शांत झोप लागते. ती झोपेचीच गोळी आहे, तेव्हा चालेल ना?

निवृत्त औषधशास्त्र शिक्षक, अंबाजोगाई: चालणार नाही. बाटलीवर असिटामिनोफेन असे लिहिलेले असेल, आणि ते म्हणजे आपले पॅरासिटामॉलच. अमेरिकेत त्याला त्या नावाने ओळखतात. अशा गोळीत बहुधा ते 500 मिलिग्रॅम आणि झोप आणणारे डायफेनहायड्रामिन 25 मिलिग्रॅम असते. आईला दिवसभरात काय काय देता ते नावांसह कळवा.

प्रश्नकर्ती: तापाची 650 ची गोळी तीन वेळा. गुडघ्यासाठी असिक्लोफेनॅक असलेली गोळी दोन वेळा. तिच्या पाकिटावर बारीक अक्षरांत पॅरासिटामॉल 325 असेही आहे. सर्दीची गोळी तीन वेळा, तिच्यात 500. आई सध्या थोडी आंबील सोडली तर काहीच खात नाही.

निवृत्त शिक्षक: आता बेरीज पाहा. तापाच्या गोळीतून 1950, गुडघ्याच्या गोळीतून 650, सर्दीच्या गोळीतून 1500 आणि रात्रीच्या दोन गोळ्यांतून 1000, म्हणजे दिवसाला 5100 मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढ माणसासाठी 24 तासांची मर्यादा 4000 आहे. 42 किलोच्या, उपाशी असलेल्या वृद्ध बाईला मी 2500 च्या वर जाऊ देणार नाही. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. पण अन्नच पोटात नसेल तर त्या ग्लुटाथायोनचा साठा आटतो, म्हणून तोच डोस तिला अधिक बाधतो.

औषध दुकानदार, लातूर: सरांचा आदर राखून सांगतो, लोकांना इतके घाबरवू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत अंग धरलेली माणसे रोज आमच्या मेडिकलवर येतात. त्यांनी पॅरासिटामॉल सोडले तर ती डायक्लोफेनॅककडे वळतील आणि मूत्रपिंड व जठर बिघडवून घेतील. चार ग्रॅमची मर्यादा सांभाळली की पॅरासिटामॉलसारखे निर्धोक औषध नाही, हे मी बावीस वर्षे पाहत आलो आहे.

वाचक, बीड: यकृताचे मला कळत नाही, पण झोपेच्या औषधाचा आम्हाला फार वाईट अनुभव आला. सासऱ्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. अशीच गोळी घेतल्यावर त्यांची लघवी अडली, आणि पहाटे उठून ते मेलेल्या बैलांना वैरण टाकायला निघाले. नळी घालावी लागली. म्हणून माझ्या मते आधी ते औषध बंद करा.

निवृत्त शिक्षक: आपला अनुभव अगदी जुळतो. वयस्कर माणसांत हे औषध लघवी अडवते, बुद्धी गोंधळवते, तोल घालवते. दुकानदार बंधूंचे डायक्लोफेनॅकविषयीचे म्हणणे खरे आहे; पण एकेका पाकिटाकडे पाहून चार ग्रॅमची मर्यादा सांभाळली जात नाही. येथे प्रत्येक गोळी आपापल्या जागी मर्यादेत आहे, आणि ओलांडली गेली ती चार गोळ्या मिळून. शिवाय रात्रीची गोळी गुंगी आणते. सुरुवातीची मळमळ आणि मलूलपणा यकृताचा असला तरी घरचे म्हणतात, औषधाने झोप आली आहे. पहिल्या दिवसात तर फारसे काही दिसतच नाही. पुढे उजव्या बरगडीखाली दुखते, मग डोळे पिवळे होतात. ताई, आईला मळमळ आहे का?

प्रश्नकर्ती: काल संध्याकाळपासून. दोनदा उलटीही झाली.

निवृत्त शिक्षक: मग पॅरासिटामॉल असलेले सर्व काही आत्ताच थांबवा आणि बाटलीसह सगळी पाकिटे घेऊन आजच मोठ्या दवाखान्यात जा. यकृताची एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची तपासणी करा. रक्तातील पॅरासिटामॉलची पातळी तक्त्यावर पाहून उताऱ्याचा निर्णय घेण्याची पद्धत एकाच वेळी घेतलेल्या डोससाठी आहे. तीन दिवस थोडे थोडे गेले असेल तर तो तक्ता फसवतो.

औषध दुकानदार, लातूर: दवाखान्यात जावे, हे मलाही मान्य आहे. पण ही बेरीज कोणी करायची? चिठ्ठी एका डॉक्टरांची, सर्दीची गोळी दुसऱ्या दुकानातली आणि बाटली परदेशातली. आमच्यापुढे फक्त एक पाकीट येते.

निवृत्त शिक्षक: "घरी आणखी कोणती गोळी चालू आहे?" एवढे विचारायला चिठ्ठी लागत नाही.

औषध दुकानदार, लातूर: गर्दीत दहा जण उभे असताना ते होत नाही, सर. वेष्टनावरच मोठ्या अक्षरांत लिहायला हवे.

प्रश्नकर्ती (रात्री): एसजीपीटी 212 आले, रक्त गोठण्याची तपासणी ठीक आहे. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीनचे सलाईन सुरू केले आहे. डॉक्टरांनी सर्व पाकिटे टेबलावर ओळीने मांडून घेतली. बाटली मात्र मी त्यांना सर्वात शेवटी दिली, कारण तेव्हाही मी तिला झोपेचीच समजत होते.